तीनचा क्लू दिला की पहिलाच शब्द समोरच्या टीमचा निघतो, असं का होतं?

कोडनेम्स खेळणाऱ्या जवळपास प्रत्येक ग्रुपात एक माणूस असा असतो, ज्याचे क्लू ऐकून मागाहून सगळे "अरे हो की!" म्हणतात, पण ऐन डावात कुणालाच ते लागत नाहीत. आमच्याकडे तो माणूस मी होतो. दोनचा क्लू दिला तर ठीक चालायचं. तीन म्हटलं की टीम हमखास भलत्या कार्डावर बोट ठेवायची. मी मनातल्या मनात त्यांच्या नावाने खडे फोडायचो. चूक माझ्याकडेच होती आणि ती एकाच जागी होती, हे कळायला बरेच शनिवार गेले.

खेळ नवीन असणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. व्लादा ख्वाटिल या चेक माणसाने केलेला हा खेळ 2015 साली आला. टेबलावर 5 बाय 5 अशी 25 शब्दांची कार्डं मांडायची. कुठला शब्द कुणाचा हे सांगणारं की कार्ड फक्त दोन्ही टीमच्या क्लू देणाऱ्यांना दिसतं. सुरुवात करणाऱ्या टीमचे 9 शब्द, दुसरीचे 8, सात कुणाचेच नाहीत आणि एक काळा. काळ्यावर बोट पडलं की खेळ तिथेच हरलात. क्लू म्हणजे एक शब्द आणि तो आपल्या किती कार्डांना लागू आहे त्याचा आकडा. टीम आकड्यापेक्षा एक जास्त कार्ड निवडू शकते, पण आपलं नसलेलं कार्ड निघालं की पाळी संपते. निवडलेलं कार्ड कुणाचं ते उघड झालं की ते झाकून टाकतात.

आता ज्या बोर्डावर माझा निकाल लागला ते बोर्ड. त्याचा फोटो माझ्याकडे होता, म्हणून जसंच्या तसं देतो.

गुलाब, तार, खिडकी, राजा, बर्फ
मासा, किल्ला, थंडी, पान, विमान
पत्र, चंद्र, नाटक, चमचा, तराजू
शाळा, सिंह, पूल, पाय, डोळा
ढोल, टोपी, घड्याळ, दगड, बँक

आम्ही लाल. आमचे नऊ: घड्याळ, मासा, तराजू, पूल, चंद्र, तार, राजा, ढोल, पान. निळ्यांचे आठ: गुलाब, किल्ला, विमान, नाटक, डोळा, बर्फ, दगड, शाळा. काळा शब्द पाय. उरलेले सात कुणाचेच नाहीत.

मी की कार्डावर नजर फिरवली आणि अर्ध्या मिनिटात सापडलं. घड्याळाला काटा असतो, माशाला काटा असतो, तराजूलाही काटा असतो. तीन वेगवेगळ्या जगातल्या वस्तू एका शब्दात! मी छाती फुगवून म्हटलं, "काटा, तीन." वहिनीने क्षणाचाही विचार न करता गुलाबावर बोट ठेवलं. निळ्यांचं कार्ड. पाळी संपली आणि वर त्यांना एक शब्द फुकट.

तुम्ही वरचं बोर्ड वाचलंत तेव्हा तुम्हाला गुलाब दिसलाच असेल. मला दिसला नाही. नजर चुकली म्हणून नाही, तर मी तो शब्द वाचलाच नव्हता म्हणून. क्लू शोधताना माझे डोळे फक्त लाल चौकटींवरून फिरत होते. घड्याळापासून काट्यापर्यंत, माशापासून काट्यापर्यंत, तराजूपासून काट्यापर्यंत, असा माझा प्रवास शब्दांकडून क्लूकडे होता. टीमचा प्रवास बरोबर उलटा असतो. त्यांच्या हातात फक्त "काटा" असतो आणि समोर 25 शब्द, सगळे एकाच रंगाचे. घड्याळाला काटा असतो हे खरंच आहे, पण त्यांना पडलेला प्रश्न वेगळा असतो: काटा म्हटल्यावर या पंचविसांतलं सगळ्यात आधी काय आठवतं?

दुसऱ्या दिवशी मी ते बोर्ड कागदावर लिहून काढलं, रंग न देता. वहिनीला म्हटलं, "काटा म्हटलं की यातले कुठले पाच शब्द आठवतात, क्रमाने सांग." ती म्हणाली, "गुलाब, पाय, चमचा, घड्याळ, मासा." मग हसून, "भावजी, थंडीपण घाला हवं तर, अंगावर काटा येतो ना!" तराजू पहिल्या सहातही नव्हता, आणि काळा पाय दुसऱ्या नंबरावर होता. म्हणजे गुलाबावर पाळी संपली हे आमचं नशीबच म्हणायचं. बोर्डावर गुलाब नसता तर तिने पायावर बोट ठेवलं असतं आणि पहिल्याच क्लूला खेळ खलास झाला असता.

तेव्हापासून ही पाच शब्दांची यादी हेच माझं मोजमाप आहे. तीनचा क्लू चांगला असेल तर यादीतले पहिले तीन आपले असतात. चौथा कोण आहे, याला तिसरा कोण आहे याइतकंच महत्त्व आहे, आणि तिसऱ्या-चौथ्यात अंतर किती हे सगळ्यात महत्त्वाचं. आपला सगळ्यात कच्चा शब्द आणि परक्यांतला सगळ्यात पक्का शब्द या दोघांचीच खरी स्पर्धा असते. बाकीचे दोन कितीही घट्ट बसू देत, त्याने काही होत नाही.

खेळताना असा कागद हाताशी नसतो. मग मी काय करतो तर क्लू सुचला की की कार्डावरून नजर पूर्ण काढून घेतो. रंग विसरायचे आणि टेबलावरच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकेक शब्द मनात क्लूला लावून पाहायचा. गुलाब-काटा, तार-काटा, खिडकी-काटा, राजा-काटा. तारेलाही काटे असतात, काटेरी तार, हे मला असं वाचतानाच कळलं. पंचवीस शब्दांना पंधरा-वीस सेकंद पुरतात. सगळ्यांवरून सारख्या गतीने नजर फिरल्याने आणखी एक फायदा होतो. कुठल्या कोपऱ्यात तुमचे शब्द आहेत हे तुमच्या डोळ्यांवरून समोरच्यांना कळत नाही. आमचा दादा पूर्वी माझ्या क्लूपेक्षा माझ्या बुबुळांवर जास्त भरवसा ठेवायचा.

एवढं केल्यावर गुलाबासारखे शब्द सुटत नाहीत. तरी चुका होतातच, पण त्या वेगळ्या जातीच्या असतात.

पहिली जात दुसऱ्या अर्थाची. राजा आणि पान हे दोन्ही पत्त्यांच्या जोडातले, म्हणून "पत्ते, दोन" द्यावंसं वाटतं. पण पत्ते म्हणजे ठिकाणांचे पत्तेसुद्धा, आणि बोर्डावर पत्र बसलेलं आहे. वहिनीची यादी होती: राजा, पत्र, पान. आपल्या डोक्यात एक अर्थ पक्का बसला की दुसरा अजिबात ऐकू येत नाही, आणि मराठीत तर दोन-दोन अर्थांच्या शब्दांचा सुकाळ आहे. हार, कर, मान, अंक, वर, रस, कळ. यातला एखादा क्लू म्हणून ओठांवर आला की मी थांबतो आणि तो दोनदा म्हणून बघतो, एकदा एका अर्थाने, एकदा दुसऱ्या. इथला उपाय सोपा होता. पत्तेऐवजी "इस्पिक". इस्पिकला दुसरा अर्थच नाही. राजा आणि पान सोडून बोर्डावरचा एकही शब्द त्याच्या वाऱ्याला उभा राहत नाही. क्लू जितका नेमका तितकी गळती कमी, मात्र नेमक्या शब्दात तीन-चार जण मावत नाहीत, हेही खरं.

दुसरी जात मला अजून फसवते. या बोर्डावर नीट बसून विचार केल्यावर मला "लंडन" सापडलं. विशेषनामं क्लू म्हणून चालतात. बिग बेनचं घड्याळ आणि टॉवर ब्रिजचा पूल, झालंच तर राजाही आपलाच, म्हणजे तो चुकून निवडला तरी तोटा नाही. पंचवीस शब्द रंग विसरून वाचले, कुठेही धोका दिसला नाही. वहिनीला कागद दाखवला. ती म्हणाली, "घड्याळ, डोळा." मी म्हटलं, डोळा कुठून आला? "अहो, लंडन आय! तो मोठा पाळणा." निळ्यांचं कार्ड. मी पंचवीसही शब्द वाचले होते, पण माझ्या डोक्यातलं लंडन तिच्या लंडनपेक्षा लहान होतं. यावर पक्का उपाय नाही. टीममध्ये कोण आहे आणि त्या विषयातलं कुणाला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे, एवढं स्वतःला विचारायचं. ज्या विषयात टीम आपल्या पुढे आहे, त्या विषयातला क्लू आपल्याला दिसतो त्याहून जास्त शब्दांना चिकटतो. हाच क्लू दादाला दिला तेव्हा त्याने घड्याळ, पूल, राजा असं सरळ सांगितलं होतं.

तिसरी जात मराठीत जास्त त्रास देते. बोर्डावर अजून न झाकलेला शब्द कुठल्याही रूपात क्लूमध्ये येता कामा नये, जोडशब्दाचा तुकडा म्हणूनही नाही. राजासाठी "सिंहासन" बाद, कारण त्यात सिंह आहे. "चंद्रकोर" बाद हे उघडच आहे. पण चंद्रासाठी कुणी "तारा" म्हटलं तर? तार या शब्दाचं अनेकवचन तारा होतं, आणि तार बोर्डावर अजून झाकलेली नाही. तुम्ही आकाशातला तारा म्हणत असाल, पण समोरचा क्लू देणारा हरकत घेऊ शकतो. क्लू अवैध ठरला तर पाळी तिथेच संपते, आणि दंड म्हणून समोरचा क्लू देणारा त्याच्या टीमचा एक शब्द झाकून टाकू शकतो. मराठीत नामाची रूपं इतकी बदलतात की लिंग, वचन आणि सामान्यरूप लावून बघितल्याशिवाय क्लू उच्चारू नये. शब्द एकदा झाकला गेला की ही अडचण राहत नाही. तार झाकली गेली की तारा खुशाल वापरा.

खरं तर सगळ्यात कामाची गोष्ट या "झाकला गेला की" मध्येच आहे, आणि ती मला सगळ्यात उशिरा उमगली.

आपला क्लू ज्या परक्या शब्दामुळे अडतो, तो शब्द कुणाचा आहे हे पाहायचं. लंडन डोळ्यामुळे अडतं. डोळा निळ्यांचा आहे, म्हणजे ते आज ना उद्या तो स्वतःच उघडणार. त्यांच्या जिंकण्यासाठी तो उघडावाच लागतो. म्हणून लंडन खिशात ठेवायचं आणि दुसरा क्लू आधी द्यायचा. दोन पाळ्यांनंतर डोळा झाकला गेला की तोच लंडन बिनधोक होतो, आपल्याला काहीच न करता.

काटा मात्र तसा पिकत नाही. गुलाब निळ्यांचा असल्याने तो कधीतरी जाईल, पण पाय काळा आहे. तो उघडण्याची वाट बघण्यात अर्थ नाही, कारण तो उघडला की खेळच संपतो. काळ्या शब्दाला चिकटलेला क्लू त्या संपूर्ण खेळापुरता मेला, कितीही देखणा असला तरी. म्हणूनच आता बोर्ड मांडल्यावर मी आधी काळा शब्द वाचतो आणि कुठलाही क्लू सुचला की पहिली गाठ त्याच्याशीच घालून बघतो.

आणि मधले, कुणाचेच नसलेले शब्द? ते लटकलेले असतात. या बोर्डावर तीनचा एक फार सुंदर क्लू दडलेला आहे: "राशी". तराजू म्हणजे तूळ, मासा म्हणजे मीन आणि चंद्राची तर रासच असते. पण सिंह तिथे समोर बसला आहे, नावानिशी. राशी म्हटल्यावर टीम सिंहावरच पहिलं बोट ठेवणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सिंह कुणाचाच नसल्याने तो उघडण्याची कुणाला गरज नाही. कुणी चुकून निवडला तरच जाईल. त्यामुळे राशीच्या भरवशावर बेत आखता येत नाही, ती मिळाली तर लॉटरी.

हे सगळं धरून त्या बोर्डावर मी आज कसा खेळलो असतो ते सांगतो. नऊ शब्द दोन-दोनने काढले तर पाच पाळ्या लागतात, एक तीन साधला तर चार. तीनची हाव एवढ्यासाठीच, एक पाळी वाचावी म्हणून. पहिली पाळी "इस्पिक, दोन": राजा, पान. दुसरी "वाद्य, दोन": ढोल, तार. नाटक थोडं जवळ येतं, पण ढोल आणि तारेच्या खूप मागे. आता उरले घड्याळ, पूल, मासा, तराजू, चंद्र. इथे थांबून बोर्ड पुन्हा वाचायचं. डोळा गेला असेल तर "लंडन, दोन" आणि सिंहही गेला असेल तर शेवटी "राशी, तीन". चार पाळ्यांत खेळ संपला. सिंह तसाच असेल तर जोड्या मोडून नव्याने बांधायच्या: "नदी, दोन" म्हणजे मासा आणि पूल, "मोजणी, दोन" म्हणजे घड्याळ आणि तराजू, आणि चंद्राला "ग्रहण, एक". मोजणीत तिसरा येणारा शब्द बँक, तो कुणाचाच नाही, म्हणजे टीम घसरली तरी फक्त पाळी जाते. डोळा असो वा नसो, हा रस्ता उघडाच राहतो.

इथे दिसेल की काटा वाईट होता तो केवळ गुलाबामुळे नाही. तो लागला असता तरी मागे पूल, चंद्र, तार, राजा, ढोल, पान उरले असते. त्यात पूल आणि चंद्राचा जोड लावून बघा. मला तरी सुचला नाही. तीन शब्द उचलताना मागे कुणाला एकटं पाडतोय हे बघायला हवं, नाहीतर तीनने वाचवलेली पाळी एक-एकच्या क्लूंत जाते.

समजा सगळं नीट केलं, तीनचा क्लू दिला, आणि टीम दोन बरोबर काढून तिसऱ्याला बिचकून थांबली. ही तक्रारही बऱ्याचदा येते. थांबणं चूक नाही. अशा वेळी राहिलेल्या शब्दासाठी पुन्हा वेगळा क्लू खर्च करू नका. पुढच्या पाळीत एक जास्तीचं कार्ड निवडायची मुभा असते, ती यासाठीच आहे. टीमने मागचा क्लू लक्षात ठेवायचा आणि नव्या क्लूचे शब्द काढून झाल्यावर त्यावर जायचं. फक्त एक पथ्य: नवा क्लू जुन्याच्या अंगावर जाणारा नको. राशीतला चंद्र राहिला असेल आणि पुढे तुम्ही आकाशाशी संबंधित काही बोललात, तर चंद्र जुन्याचा की नव्याचा हेच टीमला कळणार नाही, आणि ते आकड्यांचा हिशेब चुकवतील. उलट मागे काहीच राहिलेलं नसेल तर ते जास्तीचं कार्ड घेऊच नये, हे टीमला खेळ सुरू होण्याआधीच सांगून ठेवा. खेळ सुरू झाल्यावर सांगता येत नाही. तुम्हाला चेहराही हलवायचा नसतो.

चेहऱ्याचं मात्र मला अजून जमलेलं नाही. गेल्या वेळी टीम बराच वेळ दोन शब्दांत अडकली होती, मी छताकडे बघत बसलो, आणि दादा म्हणाला, "वर बघतोय म्हणजे विमान नाही." विमान निळ्यांचंच होतं. दोन्ही टीमनी मिळून ठरवलं की पुढच्या वेळेपासून मी भिंतीकडे तोंड करून बसायचं.